बीएमआय नॉर्मल, मग शुगर का वाढली? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळात गणेशोत्सवात दर वर्षी एका सकाळी मी वजन-उंची मोजायचं टेबल लावते. मी आहारतज्ज्ञ. लोक आरती करून, पोहे-जिलबी खाऊन टेबलाशी येतात आणि चिठ्ठीवर बीएमआयचा आकडा लिहून घेऊन जातात. पण आकडा घेऊन गेलेल्यांचे प्रश्न दुसऱ्या दिवशीपासून सुरू होतात, आणि ते बहुतेक तेच तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे.

बीएमआय नेमकं काय मोजतो?

उंचीच्या मानाने वजन किती, एवढंच. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. एका काकांचं उदाहरण घेऊ, ते पुढेही लागणार आहे. वजन ६२ किलो, उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे १.६५ मीटर. १.६५ गुणिले १.६५ म्हणजे २.७२. बासष्टला त्याने भागलं की साधारण २२.८ येतात. झाला बीएमआय.

या भागाकारात चरबी कुठेही आलेली नाही. त्या ६२ किलोंमध्ये हाडं किती, स्नायू किती, पाणी किती आणि चरबी किती, हे काट्याला कळत नाही. चरबी मांडीवर आहे की यकृतात, हे तर त्याहून नाही. आपल्या सराफ्यात दिवसा जाऊन बघा: तराजू वजन सांगतो, सोनं किती कसाचं आहे ते सांगत नाही. त्यासाठी कसोटीचा दगड वेगळा लागतो. बीएमआय हा तराजू आहे. लोक त्याला कसोटी समजतात, घोटाळा तिथून सुरू होतो.

हा आकडा काढला कुणी? डॉक्टरांनीच ना?

नाही. बेल्जियमचा अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होता. १८३०च्या दशकात तो ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होता. मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, असं त्याला दिसलं. लठ्ठपणा त्याच्या डोक्यात नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव बरंच नंतर, १९७२ साली, अमेरिकेतले अ‍ॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. पाच देशांतल्या सात हजारांवर पुरुषांची मापं घेऊन त्यांनी पाहिलं की उंची-वजनाच्या वेगवेगळ्या सूत्रांपैकी चरबीशी कुठलं बऱ्यापैकी जुळतं. जुन्या केटलेचं सूत्र त्यांना वापरायला सोपं आणि इतरांइतकंच बरं वाटलं. त्या पाहणीत बायका नव्हत्या आणि भारतही नव्हता.

मोठ्या गटाचा अंदाज घ्यायला हे सूत्र चांगलं आहे. एका माणसाच्या हातात चिठ्ठी म्हणून द्यायला ते बनलेलं नव्हतं.

मोबाइलवरचं अ‍ॅप २४.६ ला हिरवं दाखवतं, तुम्ही जास्त म्हणता. खरं कुणाचं?

अ‍ॅप बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची सर्वसाधारण रेघ वापरतं: २५ पर्यंत नॉर्मल, ३० पासून लठ्ठपणा. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ साली लिहून ठेवलं की आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी बीएमआयलाच सुरू होतो, म्हणून २३ आणि २७.५ याही रेघा लक्षात घ्याव्यात. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आणखी कडक रेघ ओढली: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. तेव्हा २४.६ ला मी ‘जास्त’ लिहिते ते माझ्या मनचं नाही. अ‍ॅपमध्ये ‘आशियाई’ असा पर्याय असेल तर तो निवडा.

पण रेघ खाली आणून सगळं सुटत नाही. आपले काका २२.८ वर आहेत. भारतीय रेघेनेही नॉर्मल.

तर मग त्या काकांचं काय झालं?

वय ५४, बँकेत नोकरी, हातपाय काटकुळे. टेबलाशी आले तेच हसत. चिठ्ठीवर २२.८ पाहून बायकोला म्हणाले, “बघ, नॉर्मल.” मी टेप काढली तर म्हणाले, “अहो ताई, तोंद तर आमची खानदानी आहे, ती काय मोजता!” मोजली. कंबर ९५ सेंटिमीटर भरली.

भारतीय पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी आणि बाईची ८० च्या आत, असं धरतात. आणखी सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. काकांची उंची १६५, निम्मे साडेब्याऐंशी. ते त्याच्या साडेबारा सेंटिमीटर पुढे होते.

मी त्यांना रक्त तपासायला सांगितलं. उपाशीपोटीची साखर ११६ निघाली. १०० च्या खाली असायला हवी आणि १२६ ला मधुमेह म्हणतात, म्हणजे ते मधल्या पट्ट्यात होते. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.२. तीही मधलीच, कारण ५.७ पर्यंत ठीक आणि ६.५ ला मधुमेह. ट्रायग्लिसराइड २३० आले, १५० च्या आत हवे होते. चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, ३४ होतं, पुरुषाला ४० च्या वर हवं. सोनोग्राफीत यकृतावर चरबी.

हे चारही आकडे एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात: चरबी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठली आहे. यकृत चरबीने भरलं की इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. रात्रभर साखर रक्तात सोडत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते. जास्तीची चरबी ते ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात ढकलतं आणि त्यामागोमाग एचडीएल घसरतं. आणि या सगळ्यात वजन ६२ च. हातापायांवरचा स्नायू कमी, पोटात चरबी जास्त, बेरीज बरोबर. बीएमआयला फक्त बेरीज दिसते.

पण हे आपल्यातच का जास्त?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचा माग काढला आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एकच आकडा, आणि चरबी दुपटीहून जास्त. मला कुणी बीएमआयचा दोष एका वाक्यात विचारला तर मी हीच गोष्ट सांगते.

याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. पोट, दंड, स्नायू सगळ्यात आपली बाळं लहान. पण पाठीवर खांद्याखालची चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगात चरबीचा वाटा जास्त, हे जन्मापासूनच. याला इंग्रजीत ‘थिन-फॅट’ म्हणतात, मी आपलं ‘काटकुळा लठ्ठ’ म्हणते.

दुसरी गोष्ट साठवणीची. त्वचेखालची चरबी ही घरातली कोठी समजा. काहींची कोठी मोठी असते, वजन कितीही वाढलं तरी माल तिथेच मावतो. आपल्यातल्या अनेकांची कोठी लहान असते. ती लवकर भरते आणि पोती माजघरात, स्वयंपाकघरात येऊन पडतात, म्हणजे यकृतात आणि स्वादुपिंडात. ज्याची कोठी ६० किलोंवरच भरली, त्याला ६२ किलो हे वजन जास्तच आहे, तक्ता काहीही म्हणो.

कंबर मोजायची कशी? माझी पँट ३४ ची आहे, तेच धरू का?

धरू नका! हा प्रश्न दर वर्षी किमान दहा जण विचारतात. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर, वाटतं ठीकच आहे. पण पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली घालतो. पोट वाढतं आणि पट्टा खाली सरकत जातो, माप तेच राहतं. आपल्या काकांची पँटही ३४ चीच होती.

शेवटची बरगडी खालून चाचपडा. मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ बाजूला शोधा. दोघांच्या बरोबर मध्ये टेप धरायची. बहुतेकांना ती बेंबीच्या आसपास येते, पण सुटलेल्या पोटाची बेंबी खाली ओघळलेली असते, म्हणून बेंबीवर विसंबू नका. कपडा बाजूला करा, टेप अंगाला लागलेली हवी पण रुतलेली नको, मागून ती खाली घसरलेली नाही ना हे दुसऱ्या कुणाला बघू द्या. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. पुरुष मंडळी टेप दिसली की पोट आत घेतात. मी त्यांना गप्पांत गुंतवते आणि मग वाचते. दोनदा मोजा. एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

आमचा मुलगा कुस्ती करतो. त्याचा बीएमआय २८ आला. लठ्ठ लिहू नका ना!

लिहिलं नाही. त्याची उंची १७० सेंटिमीटर, वजन ८२, बीएमआय २८.४. कंबर ८२, म्हणजे उंचीच्या निम्म्याच्या आत. मान जाड, मांड्या भरलेल्या. इथे तराजू खरं बोलतो, पण वजन स्नायूचं आहे. मल्लखांब, कुस्ती, वजन उचलणारे, ओझी वाहणारे हमाल, यांच्याबाबत बीएमआय वरच्या बाजूला चुकतो.

पण माझं एक स्पष्ट मत आहे. पैलवानाची ही सबब पैलवानांपेक्षा इतरच जास्त वापरतात. पंधरा वर्षांपूर्वी आखाडा सोडलेला माणूस २९ बीएमआय घेऊन येतो आणि म्हणतो, “ताई, ही मसल आहे.” मसल असेल तर कंबर सांगेलच. बीएमआय जास्त आणि कंबरही जास्त असेल तर तिथे बीएमआय फसवत नाही. ज्यांना तो ‘जास्त’ म्हणतो त्यांच्यात खोटं निघण्याची शक्यता थोडी. ज्यांना ‘नॉर्मल’ म्हणतो त्यांच्यातले कितीतरी सुटून जातात. आपल्याकडे फसवणूक होते ती मुख्यतः या दुसऱ्या बाजूने.

आजीचं वजन वर्षानुवर्षं तेच आहे, बीएमआय मात्र वाढला. असं कसं?

उंची कमी झाली म्हणून. मणके झिजतात, पाठ वाकते. एका आजींची उंची तरुणपणी १५५ होती, आता १४९ भरली. वजन ५२. जुन्या उंचीने बीएमआय २१.६, आताच्या उंचीने २३.४. काही न खाता-पिता त्या ‘जास्त वजना’च्या रकान्यात गेल्या.

त्यांच्या मुलाला वाटलं की आता आईचा भात कमी करावा. मी हात जोडले. म्हातारपणी वजन तेच राहिलं तरी आतला माल बदलत असतो, स्नायू जातो आणि त्याच्या जागी चरबी येते. अशा माणसाचं जेवण तोडलं की उरलासुरला स्नायू आधी जातो, मग संडासातून उठताना आधार लागतो आणि एक दिवस आजी पडतात. सत्तरीपुढे मी बीएमआयपेक्षा एवढंच बघते: हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, पिंढऱ्या बारीक झाल्या आहेत का, आणि गेल्या सहा महिन्यांत न ठरवता वजन उतरलं आहे का. न ठरवता उतरलं असेल तर तक्ता नॉर्मल म्हणत असला तरी डॉक्टरांना दाखवायचं.

पायांवर किंवा पोटात पाणी धरलेल्या रुग्णाचंही असंच. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात ते वजन पाण्याचं असतं आणि खाली माणूस वाळत चाललेला असतो.

गर्भारपणी आणि लहान मुलांना चालतो का?

गर्भारपणी चालत नाही. दिवस राहण्याआधीचा किंवा अगदी सुरुवातीचा बीएमआय धरतात आणि त्यावरून वजन किती वाढू द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. मुलांना मोठ्यांचा तक्ता लावूच नका. त्यांचा बीएमआय वयाप्रमाणे बदलतो, म्हणून मुलामुलींचे वेगळे आलेख असतात, ते बालरोगतज्ज्ञांकडे मिळतात.

जिममधल्या यंत्राने चरबी ३१ टक्के दाखवली. ते तरी खरं ना?

ते यंत्र चरबी मोजत नाही, अंगातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून किती अडथळा होतो ते मोजतं. पाण्यातून, म्हणजे स्नायूतून, प्रवाह सहज जातो, चरबीतून अडखळतो. त्यावरून पाण्याचा आणि मग चरबीचा अंदाज बांधतात. म्हणून पाणी प्यायल्यावर, घाम गाळल्यावर, जेवल्यावर किंवा पाळीच्या दिवसांत आकडा हलतो. शिवाय तुम्ही आत भरलेली उंची, वय आणि लिंग यांवर त्याचं गणित चालतं. एकाच यंत्रावर, सकाळी उपाशीपोटी, महिन्या-महिन्याने बघत राहिलात तर कल कळतो. सोमवारी ३१ आणि गुरुवारी २९ झालं म्हणून पेढे वाटू नका. याहून भरवशाचं मोजमाप डेक्सा नावाच्या क्ष-किरणांच्या तपासणीने होतं, पण घरोघरी त्याची गरज नसते. टेप पुरते.

बीएमआय नॉर्मल असताना वजन कमी करायचं? लोक हसतील.

काकांनाही लोक हसले. “आधीच काडी, त्यात डाएट!” पण रक्ताचे आकडे समोर होते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांनी मधुमेह असलेले, पण लठ्ठ नसलेले २० जण घेतले, सगळ्यांचा बीएमआय २७ किंवा त्याखाली. टप्प्याटप्प्याने त्यांचं वजन दहा ते पंधरा टक्के उतरवलं, तर १४ जणांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. टेलर म्हणतात की चरबी साठवायची प्रत्येकाची आपापली मर्यादा असते. ती ओलांडली की त्रास, मग तक्त्यातला आकडा कोणताही असो.

काकांना इतकं उतरवायची गरज नव्हती, आणि नुसतं खाणं तोडलं असतं तर स्नायूही गेला असता. म्हणून दोन्ही बाजूंनी काम केलं. संध्याकाळची शेवेची वाटी आणि चहाबरोबरची कचोरी बंद केली. इंदूरकराला शेव सोडायला सांगणं किती अवघड ते मला विचारा. शेवटी पोह्यांवर एक चमचा, एवढ्यावर तह झाला. भात-पोळी कमी करून उसळ, दही, पनीर वाढवलं. रोज जेवणानंतर चालणं, आणि आठवड्यातून तीन दिवस घरीच बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर.

सात महिन्यांनी वजन ५९.५, बीएमआय २१.९. आधी नॉर्मल होता, आताही नॉर्मल. बीएमआयच्या लेखी काही घडलंच नाही. कंबर मात्र ९५ वरून ८९ झाली, उपाशीपोटीची साखर ९८ आणि ट्रायग्लिसराइड १४८. पँट ३४ चीच आहे, पण आता ती बेंबीच्या जवळ बसते. निम्म्या उंचीच्या रेघेपर्यंत अजून साडेसहा सेंटिमीटर बाकी आहेत, ते त्यांना आवडलेलं नाही.

एक सावधगिरी: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर एकदम खाली जाते. आणि कंबर बारीक असताना, पोट सपाट असताना, केवळ साखर वाढली म्हणून वजन उतरवू नका. तिथे कारण दुसरं असू शकतं.

मग बीएमआय टाकूनच द्यायचा का?

नाही. १८.५ च्या खाली असेल तर तो खरी काळजी दाखवतो, विशेषतः तरुण मुलींत. ३० च्या वर असेल तर पैलवान वगळता सहसा चुकत नाही. आणि स्वतःचाच आकडा पाच वर्षांत २१ वरून २४ झाला असेल, तर ते तीन अंक तक्त्यातल्या रकान्यापेक्षा जास्त सांगतात. मधल्या पट्ट्यात, साधारण २० ते २८ मध्ये, मात्र टेपशिवाय त्यावर विसंबू नये. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल तर टेप ठीक असली तरी रक्त तपासून घ्या.

मंडळाच्या काट्यावर आणि घरच्या काट्यावर दोन किलोंचा फरक येतो. कुणाचा काटा बिघडला?

पहिल्या वर्षी माझाच बिघडला होता, आणि दोष काट्याचा नव्हता. काटा सतरंजीवर ठेवला होता. मऊ जमिनीवर काट्याचे पाय रुततात आणि वजन भलतंच येतं. दुपारपर्यंत सगळे खूश होऊन जात होते, तेव्हा मला शंका आली. आता मी घरून फरशीचा तुकडा नेते. तुम्हीही घरी काटा फरशीवर ठेवा, सकाळी, पोहे खायच्या आधी.